मॉसफेट बायस आणि ड्रेन रेझिस्टर: आधी सॅच्युरेशन धरा, मग तपासा, मगच करंट सांगा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बहुतेक उत्तरांत एकच सर्किट वापरलं आहे, म्हणजे दर वेळी नव्याने डोकं लावायला नको. एन-चॅनल एन्हान्समेंट मॉसफेट आहे आणि त्याचा सोर्स थेट ग्राउंडला जोडला आहे. सप्लाय १० व्होल्टचा. ड्रेन आणि सप्लाय यांच्यामध्ये रेझिस्टर RD. गेटला दोन रेझिस्टरचा डिव्हायडर आहे: वर १.५ मेगाओहम, खाली १ मेगाओहम. थ्रेशोल्ड व्होल्टेज Vt = २ व्होल्ट आणि k = १ मिलिअँपिअर प्रति व्होल्टवर्ग. चॅनल-लेंग्थ मॉड्युलेशन सुरुवातीला सोडून दिलं आहे, त्याचा हिशेब पुढे येईल.

मॉसफेटचं सॅच्युरेशन आणि ट्रान्झिस्टरचं सॅच्युरेशन एकच का?

नाही, आणि निम्मा घोळ इथेच सुरू होतो. बायपोलर ट्रान्झिस्टर सॅच्युरेट झाला म्हणजे तो स्विचसारखा पूर्ण चालू झाला, कलेक्टर-एमिटर व्होल्टेज अगदी कमी उरलं. मॉसफेटमध्ये सॅच्युरेशनचा अर्थ जवळपास उलटा आहे. तिथे ड्रेन-सोर्स व्होल्टेज भरपूर असतं आणि ड्रेन करंट ते वाढवलं तरी फारसा वाढत नाही. सॅच्युरेट होतो तो करंट. कारण ड्रेनच्या टोकाशी चॅनल चिमटल्यासारखा संपतो आणि जादा व्होल्टेज त्या छोट्याशा पट्ट्यावर पडतं. बायपोलरच्या सॅच्युरेशनशी तुलना करायची तर ती मॉसफेटच्या ट्रायोड भागाशी करावी. हे नाव ज्याने ठेवलं त्याला विद्यार्थ्यांनी आजवर बरंच काही ऐकवलं असेल.

आधी सॅच्युरेशनच का धरायचं? ट्रायोड का नाही?

कारण सॅच्युरेशनचं समीकरण फक्त गेट-सोर्स व्होल्टेज मागतं:

```
ID = (k/2) · (VGS − Vt)²
```

यात VDS नाही. त्यामुळे गेटकडची बाजू सोडवली की करंट मिळतो, आणि करंट मिळाला की RD वरचा व्होल्टेज ड्रॉप काढून VDS मिळतं. दोन पायऱ्या, एका सरळ रेषेत. ट्रायोडच्या समीकरणात VDS स्वतःच बसलेलं असतं, म्हणजे करंटसाठी VDS हवं आणि VDS साठी करंट हवा. अशा वेळी वर्गसमीकरणाशिवाय सुटका नाही.

शिवाय गृहीतक चुकलं तर ते लगेच कळतं. सॅच्युरेशनच्या समीकरणातून आलेलं VDS एका असमानतेत टाकायचं, बस. ट्रायोडपासून सुरुवात केली तरी तपासणी करावीच लागते, फक्त तिथे पोहोचेपर्यंत दुप्पट काम झालेलं असतं.

मग एकदा पूर्ण गणित करून दाखवा.

RD = २.२ किलोओहम घेऊ. गेटमध्ये डीसी करंट जात नाही, म्हणून डिव्हायडरवर गेटचा भार पडत नाही आणि गेटचं व्होल्टेज थेट निघतं: १० × १ ÷ २.५ = ४ व्होल्ट. सोर्स ग्राउंडला असल्यामुळे VGS पण ४ व्होल्टच. ते थ्रेशोल्डपेक्षा जास्त आहे, म्हणजे मॉसफेट बंद नाही. ही छोटी तपासणी पहिली, आणि बरेच जण ती विसरतात.

आता सॅच्युरेशन धरू.

```
VOV = VGS − Vt = 4 − 2 = 2 V
ID  = 0.5 × 1 × 2² = 2 mA
VDS = 10 − 2 × 2.2 = 5.6 V
तपासणी: VDS ≥ VOV ?   5.6 ≥ 2   खरं
```

VOV म्हणजे ओव्हरड्राइव्ह, थ्रेशोल्डच्या वर गेटला किती व्होल्ट मिळाले ते. अट पाळली गेली, म्हणून आता म्हणता येईल की ड्रेन करंट २ मिलिअँपिअर आहे. दुसऱ्या ओळीतही हाच आकडा होता, पण तिथे तो फक्त उमेदवार होता. उत्तरपत्रिकेत दुसऱ्या ओळीवरच चौकट मारून मोकळे होणारे मी खूप पाहिले आहेत. या सर्किटमध्ये त्यांचं नशीब चांगलं, इतकंच.

RD वाढवून ४.७ किलोओहम केला तर करंट तोच राहील ना? समीकरणात RD कुठेच नाही.

समीकरणात RD नाही हे खरं, पण ते समीकरण लागू आहे की नाही हे RD ठरवतो. हिशेब करून पाहू. गेटकडे काहीच बदललं नाही, म्हणून सॅच्युरेशन धरल्यास करंट पुन्हा २ मिलिअँपिअर. RD वरचा ड्रॉप ९.४ व्होल्ट, म्हणून VDS = ०.६ व्होल्ट. ओव्हरड्राइव्ह २ व्होल्ट. ०.६ हे २ पेक्षा कमी, म्हणजे गृहीतक पडलं.

इथे फसवणूक अशी की ०.६ व्होल्ट हे दिसायला अगदी शक्य वाटणारं व्होल्टेज आहे. RD ६.८ किलोओहम असता तर VDS उणे ३.६ आलं असतं आणि ग्राउंडखाली ड्रेन कसा जाईल हा प्रश्न कुणालाही पडला असता. ऋण आकडा स्वतःच ओरडतो, ०.६ गप्प बसतो. म्हणून ‘व्होल्टेज धन आलं, म्हणजे ठीक’ ही तपासणी नव्हे. तुलना शून्याशी नाही, ओव्हरड्राइव्हशी करायची.

आता तो ०.६ टाकून द्यायचा. ‘मॉसफेट ट्रायोडमध्ये आहे आणि VDS ०.६ आहे’ असं लिहिणं हीसुद्धा चूकच, कारण तो आकडा चुकीच्या समीकरणातून आला होता. खरं VDS नव्याने काढावं लागतं:

```
(10 − VDS)/4.7 = 2·VDS − VDS²/2
2.35·VDS² − 10.4·VDS + 10 = 0
VDS = 1.41 V   किंवा   3.01 V
```

ट्रायोडसाठी VDS ओव्हरड्राइव्हपेक्षा, म्हणजे २ व्होल्टपेक्षा, कमी हवं. ३.०१ बाद. १.४१ राहिलं, आणि करंट = (१० − १.४१) ÷ ४.७ = १.८३ मिलिअँपिअर. म्हणजे ट्रायोडमध्येही तपासणी आहेच. वर्गसमीकरण दोन उत्तरं देतं, सर्किटला एकच हवं असतं.

२ ऐवजी १.८३. एवढ्याशा फरकासाठी इतका खटाटोप कशाला?

करंटपुरतं पाहिलं तर फरक खरोखरच नऊ टक्क्यांच्या आसपास आहे आणि रेझिस्टरच्या टॉलरन्समध्ये तो खपूनही जाईल. पण हे सर्किट बहुधा अँप्लिफायर म्हणून बांधलेलं असतं, आणि तिथे आकाश कोसळतं.

सॅच्युरेशनमध्ये ट्रान्सकंडक्टन्स k × VOV, म्हणजे २ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट. २.२ किलोओहमच्या सर्किटचा गेन त्यामुळे ४.४ येतो. ‘RD दुप्पट केला की गेनही दुप्पट’ या हिशेबाने ४.७ किलोओहमला ९.४ अपेक्षित आहे. प्रत्यक्षात मॉसफेट ट्रायोडमध्ये गेला आहे. तिथे ट्रान्सकंडक्टन्स k × VDS, म्हणजे १.४१ इतका उरतो. त्याहून वाईट म्हणजे ड्रेनकडून पाहिलं तर मॉसफेट स्वतःच एका साध्या रेझिस्टरसारखा दिसतो, सुमारे १.७ किलोओहमचा, आणि तो RD ला समांतर लागतो. दोन्ही मिळून १.२५ किलोओहम. गेन फक्त १.७६.

म्हणजे RD दुपटीहून जास्त वाढवला आणि गेन निम्म्याहून खाली आला. विद्यार्थी असताना मी हेच केलं होतं. गेन कमी वाटला म्हणून RD वाढवला, आणखी कमी झाला म्हणून आणखी वाढवला. तासभर मॉसफेटलाच दोष देत बसलो. ड्रेनवर एकदा मल्टिमीटर टेकवला असता तर दोन मिनिटांत उलगडलं असतं.

सॅच्युरेशन पडलं म्हणजे ट्रायोडच, हे नक्की कशावरून? दोन्ही पडू शकत नाहीत का?

मॉसफेट चालू असेल तर नाही. सोर्स ग्राउंडला असलेल्या सर्किटमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. VGS ठरलेलं आहे, म्हणून मॉसफेटचा करंट VDS बरोबर आधी वाढतो आणि मग सपाट होतो, खाली कधीच येत नाही. RD ची लोडलाइन मात्र VDS वाढेल तशी सतत खाली उतरते. चढणारी किंवा सपाट रेषा आणि उतरणारी रेषा एकमेकींना एकदाच छेदतात. तो छेद सपाट भागात पडला तर सॅच्युरेशन, चढावर पडला तर ट्रायोड. तिसरी शक्यता शिल्लक राहत नाही. दोन्ही तपासण्या पडल्या तर गणितात कुठेतरी चूक झाली आहे असं समजा आणि मागे जा.

RD जास्तीत जास्त किती ठेवता येईल?

सीमारेषेवर VDS = VOV = २ व्होल्ट. RD वर उरतात ८ व्होल्ट, करंट २ मिलिअँपिअर, म्हणून RD = ४ किलोओहम. कागदावर ३.९ किलोओहमही चालतो: VDS २.२ व्होल्ट येतं आणि तपासणी पास होते.

पण अँप्लिफायरसाठी हे पास होणं नुसतं नावापुरतं आहे. सिग्नल आला की ड्रेन खाली-वर हलतो. खाली जायला जेमतेम ०.२ व्होल्ट जागा आहे, त्यानंतर मॉसफेट ट्रायोडमध्ये शिरतो आणि लहरीचा खालचा भाग चपटा होऊ लागतो. नीट पाहिलं तर जागा त्याहूनही कमी आहे, कारण ड्रेन खाली जातो तेव्हा गेट वर गेलेलं असतं आणि ओव्हरड्राइव्हही वाढलेलं असतं. म्हणून अट पाळली गेली का एवढंच पाहू नका, किती फरकाने पाळली गेली तेही लिहा. २.२ किलोओहमला तो फरक ३.६ व्होल्ट होता.

सोर्सखाली रेझिस्टर असेल तर?

पद्धत तीच, पण दोन सापळे वाढतात. आता डिव्हायडरचे दोन्ही रेझिस्टर सारखे करू, म्हणजे गेट ५ व्होल्टवर येईल, आणि सोर्सखाली RS = १ किलोओहम लावू. करंट वाढला की सोर्स वर उचलला जातो, म्हणून VGS = ५ − ID (करंट मिलिअँपिअरमध्ये).

```
ID = 0.5 × (3 − ID)²
ID² − 8·ID + 9 = 0
ID = 1.35 mA   किंवा   6.65 mA
```

पहिला सापळा इथे. ६.६५ घेतला तर सोर्स ६.६५ व्होल्टवर जातो आणि VGS उणे १.६५ होतं. थ्रेशोल्ड २ व्होल्ट असताना असा मॉसफेट बंदच असणार, मग करंट कुठून? वर्ग केल्यावर चिन्ह हरवतं, म्हणून हे भूत समीकरणातून बाहेर येतं. १.३५ खरं: VGS = ३.६५, ओव्हरड्राइव्ह १.६५.

दुसरा सापळा तपासणीचा. RD ५.६ किलोओहम घेऊ. ड्रॉप ७.५८ व्होल्ट, ड्रेन २.४२ व्होल्टवर. इथे घाईत लोक लिहितात, २.४२ हे १.६५ पेक्षा जास्त, सॅच्युरेशन सिद्ध. पण २.४२ हे ग्राउंडपासून मोजलेलं ड्रेनचं व्होल्टेज आहे. सोर्स १.३५ व्होल्टवर आहे, म्हणून VDS फक्त १.०६. तपासणी पडली. ट्रायोडने सोडवलं तर करंट १.३२ मिलिअँपिअर आणि VDS १.२७ व्होल्ट येतं.

वजाबाकीचा हा घोळ टाळायला मला दुसऱ्या रूपातली अट जास्त आवडते: ड्रेनचं व्होल्टेज गेटच्या व्होल्टेजपेक्षा Vt हून जास्त खाली जाता कामा नये. इथे गेट ५, म्हणून ड्रेन किमान ३ व्होल्टवर हवा. २.४२ नाही चालणार. ४.७ किलोओहम लावला तर ड्रेन ३.६४ वर येतो, चालेल. या रूपात सोर्स कुठे आहे हे विचारावंच लागत नाही.

एका पुस्तकात ½ आहे, दुसऱ्यात नाही. कुठलं बरोबर?

दोन्ही, फक्त अक्षराचा अर्थ वेगळा. काही ठिकाणी ½ बाहेर ठेवतात, काही ठिकाणी तो K मध्येच मिसळलेला असतो. गणितात k दिला असेल तर त्यासोबतचं समीकरणही तिथूनच घ्या. चुकीच्या जोडीने करंट दुप्पट किंवा निम्मा येतो, आणि मग तपासणीही खोटी ठरते. आपल्या २.२ किलोओहमच्या सर्किटमध्ये ½ विसरलात तर करंट ४ मिलिअँपिअर आणि VDS १.२ येतं, आणि धडधाकट सॅच्युरेशनमधला मॉसफेट तुम्ही ट्रायोडमध्ये ढकलता.

चॅनल-लेंग्थ मॉड्युलेशनचा लॅम्डा दिला असेल तर तपासणी बदलते का?

अट तीच राहते, करंट थोडा सरकतो. लॅम्डा ०.०२ प्रति व्होल्ट घेऊन पहिलं उदाहरण पुन्हा केलं तर करंटच्या समीकरणाला (1 + λ·VDS) हा गुणक लागतो. VDS आता दोन्हीकडे आहे, पण समीकरण सरळच राहतं. VDS ५.१५ व्होल्ट आणि करंट २.२१ मिलिअँपिअर. आधी लॅम्डाशिवाय सोडवून तपासणी करा, मोठा फरक उरत असेल तर निर्णय बदलत नाही. सीमेजवळ असाल तरच लॅम्डाची चिंता.

गेट मोठ्या रेझिस्टरने ड्रेनलाच जोडलं असेल तर?

मग तपासणी अर्ध्या ओळीची. गेटमध्ये करंट नाही, म्हणून त्या रेझिस्टरवर ड्रॉप नाही, म्हणून VGS = VDS. थ्रेशोल्ड धन असलेल्या एन्हान्समेंट मॉसफेटमध्ये VDS हे VGS − Vt पेक्षा नेहमीच मोठं. चालू असेल तर सॅच्युरेशनमध्येच. तरीही ही ओळ लिहा, वाचणाऱ्याला कारण दिसायला हवं.

पी-चॅनलला काय?

VSG, VSD आणि थ्रेशोल्डची नुसती किंमत घ्या, सगळं धन ठेवा, बाकी पायऱ्या तशाच.

डेटाशीटमधला Vt टाकून हे गणित केलं, पण ब्रेडबोर्डवर जुळत नाही. का?

कारण डेटाशीटमध्ये एक Vt नसतो, पट्टा असतो. 2N7000 घ्या, त्याचा थ्रेशोल्ड ०.८ ते ३ व्होल्टमध्ये कुठेही असू शकतो. गेटचं व्होल्टेज पक्कं बांधून सोर्स ग्राउंडला ठेवणारं आपलं पहिलं सर्किट या पट्ट्यापुढे अगदी दुबळं आहे.

आपल्याच आकड्यांत k तोच ठेवून फक्त Vt हलवू. Vt २.५ असेल तर करंट १.१३ मिलिअँपिअर. Vt १.५ असेल तर ३.१३ मिलिअँपिअर आणि VDS ३.१३ व्होल्ट, ओव्हरड्राइव्ह २.५, म्हणजे कसाबसा सॅच्युरेशनमध्ये. Vt १.२ झाला की करंट ३.९२ येतो, RD वर ८.६ व्होल्ट पडतात आणि VDS १.४ वर येतं. ओव्हरड्राइव्ह २.८. तपासणी पडली. रेझिस्टर तेच, सप्लाय तोच, फक्त पाकिटातून दुसरा मॉसफेट उचलला. म्हणून तपासणी सर्वात कमी Vt घेऊन करावी, कारण मॉसफेटला ट्रायोडकडे ढकलणारी बाजू ती आहे. सोर्सखालचा रेझिस्टर लावतात तो यासाठीच. करंट वाढू लागला की तो VGS कमी करून त्याला आवरतो.

प्रत्यक्ष सर्किटमध्ये सॅच्युरेशन आहे हे कसं ओळखायचं?

करंट मोजायला सर्किट तोडू नका. RD वरचं व्होल्टेज मोजा आणि RD च्या मोजलेल्या किमतीने भागा. मग ड्रेन-सोर्स व्होल्टेज मोजा.

गेटवर मात्र जपून. नेहमीच्या डिजिटल मल्टिमीटरचा इनपुट रेझिस्टन्स १० मेगाओहम असतो, आणि आपला डिव्हायडर गेटकडून ६०० किलोओहमचा दिसतो. मीटर टेकवला की गेट ४ वरून ३.७७ व्होल्टवर येतं आणि तेवढ्या वेळापुरता करंट २ वरून १.५७ मिलिअँपिअरवर घसरतो. गेट मोजताना ड्रेन दुसऱ्या मीटरवर पाहिलात तर तो ५.६ वरून साडेसहाच्या आसपास उडी मारताना दिसेल. मॉसफेट बिघडलेला नाही, मीटरने बायस हलवला आहे. गेटचं व्होल्टेज दोन्ही रेझिस्टर मोजून गणिताने काढलेलं बरं.

आणि Vt नक्की माहीत नसेल तर आकड्यांऐवजी वागणूक तपासा. RD ला समांतर तेवढाच दुसरा रेझिस्टर क्षणभर लावा, म्हणजे RD निम्मा होईल. मॉसफेट आधीपासून सॅच्युरेशनमध्ये असेल तर करंट जवळपास तोच राहतो, लॅम्डामुळे किंचित वाढेल तेवढाच, आणि RD वरचा ड्रॉप निम्म्यावर येतो. तो ट्रायोडमध्ये असेल तर करंट ठळकपणे वाढतो. आपल्या पहिल्या सर्किटमध्ये RD ६.८ किलोओहम असेल तर ट्रायोडने सोडवून करंट १.३४ मिलिअँपिअर येतो, ३.४ किलोओहमला तो २ वर चढेल आणि तिथे ड्रेन ३.२ व्होल्टवर दिसेल.